डीएलपी संपल्यावर रिटेन्शन परत मागण्याचं पत्र: दोष-दुरुस्तीच्या नोंदी आणि दाखल्यांसह

बांधकामाचं अंतिम बिल निघतं, पण त्यातली पाच टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून कार्यालयात राहते. दोष दायित्व कालावधी, म्हणजे डीएलपी, संपल्यावर ती मागायची असते. बरेच मक्तेदार त्यासाठी चार ओळींचा अर्ज देतात: 'मुदत संपली आहे, तरी अनामत परत मिळावी ही विनंती.' असा अर्ज फेटाळला जात नाही, तो पडून राहतो. कारण त्या अर्जावर सही करायची तर शाखा अभियंत्याला दोन वर्षांचा पत्रव्यवहार शोधावा लागतो आणि लेखा शाखेला तीन बिलांतल्या कपाती शोधाव्या लागतात. शोधायला कोणी बसत नाही.

हे पत्र दोन टेबलांवर वाचलं जातं. तांत्रिक टेबलाला कळायला हवं की कालावधीत निघालेला प्रत्येक दोष दुरुस्त झाला आहे आणि आता कोणतीही तक्रार बाकी नाही. लेखा टेबलाला कळायला हवं की कोणत्या बिलातून किती रक्कम कापली आणि त्यातून काही वसुली राहिली आहे का. या दोघांनाही कपाट न उघडता टिप्पणी लिहिता आली पाहिजे.

समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. चोपडा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्या बांधल्या. निविदा रक्कम २५ लाख, प्रत्यक्ष झालेलं काम २४ लाख ६० हजार. काम पूर्ण झाल्याची तारीख १५ जून २०२२, डीएलपी २४ महिने, रिटेन्शन पाच टक्के. टक्केवारी आणि मुदत प्रत्येक करारात वेगळी असते, तेव्हा तुमच्या करारनाम्याचं पान उघडूनच आकडे घ्या.

आधी तारीख पक्की करा

डीएलपी पूर्णत्वाच्या दाखल्यात काम पूर्ण झाल्याची म्हणून जी तारीख लिहिलेली असते, तिच्यापासून मोजला जातो. उद्‌घाटनाची तारीख, शाळेने ताबा घेतल्याची तारीख, अंतिम बिल मिळाल्याची तारीख यांचा, करारात तसं लिहिलं नसेल तर, काही संबंध नाही. घोटाळा इथेच होतो. दाखला सहा महिने उशिरा निघतो आणि त्यावर दोन तारखा असतात: दाखला दिल्याची आणि काम पूर्ण झाल्याची. कार्यालय पहिली धरतं, मक्तेदार दुसरी. पत्रात दाखल्यातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि मोजणी करून दाखवा. आपल्या उदाहरणात १५ जून २०२२ पासून २४ महिने म्हणजे १४ जून २०२४ हा शेवटचा दिवस.

करारातली आणखी एक ओळ तपासा. काही करारांत दुरुस्त केलेल्या भागाचा दोष कालावधी दुरुस्तीच्या तारखेपासून नव्याने मोजतात. तशी अट असेल तर ती लपवून पत्र लिहू नका. त्या भागापुरती रक्कम राखून बाकीची सोडावी, अशी मागणी स्वतःहून करा. ती मान्य व्हायला सोपी जाते.

संयुक्त पाहणी एप्रिलमध्येच

पत्र कालावधी संपल्यावर द्यायचं, पण पाहणी त्याच्या दीड-दोन महिने आधी मागायची. आपल्या उदाहरणात मुदत १४ जूनला संपते. खानदेशात मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि मुख्याध्यापक गावात सापडत नाहीत. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते. शिवाय २०२४ साली १३ मे रोजी जळगाव आणि रावेर मतदारसंघांत लोकसभेचं मतदान होतं. अशा वर्षी अभियंते आणि शिक्षक दोघंही निवडणुकीच्या कामात असतात. म्हणून पाहणीचं पत्र मार्चअखेर द्यायचं आणि एप्रिलमध्ये पाहणी उरकायची.

उन्हाळ्यातल्या पाहणीची एक अडचण आहे. काळ्या मातीच्या भेगा, जोत्याभोवतीची खचलेली फरशी, तापून सुटलेला गिलावा हे सगळं एप्रिल-मेमध्ये स्वच्छ दिसतं. गळती मात्र दिसत नाही. अभियंता सहज म्हणतो, 'एक पाऊस जाऊ द्या, मग बघू.' यावर वाद घालण्यापेक्षा दोन पुरावे तयार ठेवा. एक, मागचा पावसाळा कोरडा गेल्याचं मुख्याध्यापकांचं लेखी पत्र. ते ऑक्टोबरमध्येच घ्यायचं असतं, कारण तेव्हाच्या तारखेला वजन असतं. दुसरा, पाहणीच्या आधी गच्चीवर केलेली पाणी साठवण्याची चाचणी.

ही चाचणी अशी करा. पाणी जाण्याचे पाईप बंद करा आणि गच्चीच्या उंच बाजूला किमान २५ मि.मी. पाणी उभं राहील इतकं भरा. उतारामुळे खालच्या टोकाला ते बरंच जास्त भरेल. साधारण १०० चौ.मी. गच्चीला मिळून सुमारे ६ हजार लिटर लागतात, म्हणजे एप्रिलमध्ये बहुधा एक टँकर. एकदम भरायचं नसेल तर मध्ये सिमेंट-वाळूची पाळ घालून दोन भागांत करा. करारात तास लिहिले असतील तितके, नसतील तर ४८ तास पाणी उभं ठेवा. खालून छत, तुळया आणि कठड्याच्या आतल्या भिंती सुरुवातीला, २४ तासांनी आणि शेवटी पाहून नोंद करा.

आपल्याकडच्या उन्हात एक गफलत ठरलेली आहे. दोन दिवसांत पाण्याची पातळी लक्षात येण्याइतकी उतरते आणि पाहणारा म्हणतो, पाणी मुरलं. ते वाफेने गेलेलं असतं. त्यासाठी त्याच गच्चीवर एक पसरट पत्र्याचं भांडं पाण्याने भरून उन्हात ठेवा आणि दोन्हीकडची पातळी पट्टीने मोजून लिहा. दोन्हीकडे सारखीच घट असेल आणि छत कोरडं असेल, तर प्रश्न मिटला. गच्चीवरची घट स्पष्टपणे जास्त असेल तर पत्राचं नंतर बघा, आधी गळती शोधा.

दुरुस्तीची नोंद कशी असली की चालते

या प्रकरणाचा खरा जीव इथे आहे. दुरुस्ती केली एवढं पुरत नाही. दोष कोणी आणि कधी कळवला, कारण काय निघालं, काय केलं, आणि ते कोणी पाहिलं, या चार गोष्टी प्रत्येक दोषासमोर लागतात. उदाहरणातल्या शाळेत कालावधीत तीन दोष कळवले गेले. एकेक पाहू.

पहिला दोष गळतीचा. २८ जुलै २०२२ च्या पत्राने उपविभागाने कळवलं की खोली क्रमांक दोनमध्ये उत्तरेच्या भिंतीवर ओल येते. कारण निघालं गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यावरची सिमेंटची गोलाई तडकलेली. पावसात कायमची दुरुस्ती टिकत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये तात्पुरता थर दिला आणि तसं लेखी कळवलं. हे कळवणं फार महत्त्वाचं, नाहीतर फाईलवर 'तीन महिने दखल घेतली नाही' असं दिसतं. १४ ते १७ नोव्हेंबर २०२२ या काळात ११ मीटर लांबीची जुनी गोलाई फोडून, सांधा साफ करून, जलरोधक मिसळलेल्या मसाल्याने नवी केली. सात दिवस पाणी मारलं. २४ ते २६ नोव्हेंबर पाणी साठवून पाहिलं. त्यानंतर २०२३ चा पूर्ण पावसाळा कोरडा गेला.

दुसरा दोष काळ्या मातीचा. १९ मे २०२३ च्या पत्रात जोत्याभोवतीची काँक्रीट पट्टी पूर्वेला खचून भिंतीपासून सुटल्याचं कळवलं. तापी खोऱ्यातली ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरून फक्त सिमेंट भरलं तर पुढच्या मे महिन्यात तीच फट पुन्हा उघडते. २९ मे ते ३ जून २०२३ या काळात ९ मीटर पट्टी काढली, खालची ३०० मि.मी. काळी माती उचलली, १५० मि.मी.च्या दोन थरांत मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस केला आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन नवं काँक्रीट ओतलं. मुरमाच्या थराचा फोटो इथे अत्यावश्यक आहे. काँक्रीट झाल्यावर खाली काय आहे हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

तिसरा दोष, तुळई आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची आडवी भेग. १२ डिसेंबर २०२३ ला कळवली, ८ ते १० जानेवारी २०२४ ला दुरुस्त झाली. गिलावा पट्टीत काढून दोन्ही बाजूंना सारखी पसरेल अशी जाळी ठोकली, पुन्हा गिलावा केला आणि पूर्ण भिंत रंगवली. तेवढाच पट्टा रंगवला तर पाहणीत तो डाग म्हणून दिसतो आणि नवा शेरा येतो.

मुख्याध्यापकांनी मधल्या काळात फुटलेल्या नळाची आणि तुटलेल्या काचेची तक्रारही केली होती. ही वापरातली मोडतोड आहे, बांधकामातला दोष नाही. सद्‌भावना म्हणून दुरुस्त करून दिली तरी उत्तरात 'ही बाब दोष दायित्वात येत नाही, तथापि शाळेच्या सोयीसाठी करून दिली' असं लिहा. आणि करून दिली नसेल तरीही उत्तर द्या. फाईलवर उत्तर नसलेली एकही तक्रार राहू देऊ नका, कारण अखेरची टिप्पणी लिहिणारा माणूस फाईल मागून पुढे चाळतो.

प्रत्येक दुरुस्तीचे किमान तीन फोटो ठेवा: आधी, मधला टप्पा, नंतर. तिन्ही एकाच जागेवरून आणि एखादी खूण, खिडकी किंवा खोलीचा क्रमांक, दिसेल असे. तारीख-स्थळ दाखवणारं अॅप वापरलं तर उत्तम. दुरुस्तीच्या दिवशीच एका पानाचा नमुना भरून शाखा अभियंत्याची सही घ्या. दोन वर्षांनी त्या टेबलावर दुसरा माणूस असतो आणि जुन्या कामावर नव्या माणसाने सही का करावी?

पैशाची बाजू

निविदा रकमेचे पाच टक्के म्हणजे १ लाख २५ हजार. पण कपात झालेल्या कामावर होते, निविदेवर नाही. उदाहरणात पहिल्या चालू बिलात ९ लाख ८० हजारांवर ४९ हजार, दुसऱ्यात ८ लाख ४० हजारांवर ४२ हजार आणि अंतिम बिलात ६ लाख ४० हजारांवर ३२ हजार कापले. एकूण १ लाख २३ हजार. पत्रात १ लाख २५ हजार लिहिले की लेखापाल ते नोंदवहीशी जुळवतो, जुळत नाही आणि पत्र परत जातं. दोन हजारांच्या फरकाने सगळं प्रकरण महिनाभर मागे पडतं.

दुसरी तपासणी आणखी मोलाची. बिलाच्या मागच्या पानावर कपातीच्या रकान्यात ही रक्कम ठेव म्हणून दाखवली आहे का ते पहा. दाखवली असेल तर ती ठेव नोंदवहीत तुमच्या नावावर आहे आणि 'निधी आला नाही' हे कारण तिला लागू होत नाही. पण कधी कधी निधी कमी म्हणून बिलच कमी काढलेलं असतं आणि मक्तेदार ती रक्कम रिटेन्शन समजून बसतो. ती थकीत बिलाची रक्कम आहे, तिचा अर्ज वेगळा. तसंच चाचणी अहवाल नाही म्हणून किंवा रॉयल्टीचा दाखला नाही म्हणून राखलेली रक्कमही वेगळ्या नावाने असते. एकाच पत्रात सगळं एकत्र मागू नका.

करार करताना दिलेली बँकेची मुदत ठेव पावती ही तिसरी गोष्ट. ती परत मिळताना कार्यालयाने पावतीच्या मागे सही-शिक्क्यानिशी बोजा उतरवला पाहिजे किंवा बँकेला पत्र दिलं पाहिजे, नाहीतर बँक पैसे देत नाही.

आयकर आणि जीएसटीची कपात बिलाच्या पूर्ण रकमेवर आधीच झाली असेल तर तसं पत्रात लिहून बिलांच्या प्रती लावा, म्हणजे त्याच रकमेवर दुसऱ्यांदा कपात होणार नाही.

दाखल्यांमध्ये कामाला लागू असतील ते लावा: मुरूम, वाळू, खडीचा गौण खनिज रॉयल्टीचा हिशेब, बांधकाम कामगार उपकर एक टक्का भरल्याचा किंवा बिलातून कापल्याचा पुरावा, खात्याने साहित्य दिलं असेल तर त्याचा हिशेब निरंक असल्याची नोंद.

पत्राचा मसुदा

संयुक्त पाहणी २४ एप्रिल २०२४ ला झाली, त्यात खोली क्रमांक एकचा दरवाजा चौकटीला घासतो एवढा शेरा आला आणि तो २६ एप्रिलला दुरुस्त झाला, असं धरून हे पत्र आहे. १४ जूनला मुदत संपली, पुढे शनिवार-रविवार आणि सोमवारी ईदची सुट्टी, म्हणून तारीख १८ जून.

> प्रति,
> मा. कार्यकारी अभियंता,
> बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, जळगाव
>
> मार्फत: मा. उपअभियंता, बांधकाम उपविभाग, चोपडा
>
> दिनांक: १८/०६/२०२४
>
> विषय: जि. प. प्राथमिक शाळा, मौजे ……, ता. चोपडा येथे दोन वर्गखोल्या बांधणे. दोष दायित्व कालावधी पूर्ण झाल्याने बिलांतून कपात केलेली सुरक्षा ठेव रु. १,२३,०००/- परत मिळणेबाबत.
>
> संदर्भ: १) करारनामा क्र. …… दि. …… २) कार्यारंभ आदेश क्र. …… दि. …… ३) काम पूर्णत्वाचा दाखला क्र. …… दि. …… ४) संयुक्त पाहणी अहवाल दि. २४/०४/२०२४
>
> महोदय,
>
> संदर्भ ३ अन्वये उपरोक्त काम दि. १५/०६/२०२२ रोजी पूर्ण झाले आहे. करारनाम्यातील अट क्र. …… नुसार २४ महिन्यांचा दोष दायित्व कालावधी दि. १४/०६/२०२४ रोजी संपला आहे.
>
> या कालावधीत आपल्या कार्यालयाकडून तीन दोष कळविण्यात आले. तिन्ही दोष दुरुस्त केले असून त्यांचा तपशील, छायाचित्रे व शाखा अभियंता यांच्या स्वाक्षरीच्या नोंदी परिशिष्ट 'अ' मध्ये जोडल्या आहेत. दि. २४/०४/२०२४ च्या संयुक्त पाहणीत नोंदविलेली दरवाजाची त्रुटी दि. २६/०४/२०२४ रोजी दूर केली आहे. गच्चीवर दि. २२ ते २४ एप्रिल २०२४ दरम्यान ४८ तास पाणी साठवून चाचणी घेतली असता गळती आढळली नाही. आजअखेर कोणताही कळविलेला दोष प्रलंबित नाही.
>
> सदर कामाच्या बिलांतून खालीलप्रमाणे सुरक्षा ठेव कपात झाली आहे: पहिले चालू देयक रु. ४९,०००/-, दुसरे चालू देयक रु. ४२,०००/-, अंतिम देयक रु. ३२,०००/-, एकूण रु. १,२३,०००/-. प्रमाणक क्रमांक व दिनांक परिशिष्ट 'ब' मध्ये आहेत. आयकर व वस्तू-सेवा कराची कपात त्या वेळी देयकांच्या पूर्ण रकमेवर झालेली आहे.
>
> सबब, उपरोक्त रक्कम आमच्या करारातील बँक खात्यावर जमा करण्याचे आदेश व्हावेत. काही त्रुटी आढळल्यास ती एकत्रितपणे लेखी कळवावी, जेणेकरून पूर्तता एकाच वेळी करता येईल.
>
> आपला विश्वासू,
> (मक्तेदाराची सही व शिक्का)
>
> सोबत: परिशिष्ट 'अ' दुरुस्ती नोंदी, 'ब' कपातीचा तक्ता व देयकांच्या प्रती, 'क' पूर्णत्वाचा दाखला, पाहणी अहवाल, पाणी चाचणी नोंद, मुख्याध्यापकांची पत्रे, 'ड' रॉयल्टी व उपकराचे पुरावे, 'इ' आगाऊ पावती व रद्द केलेला धनादेश.

'आजअखेर कोणताही कळविलेला दोष प्रलंबित नाही' या वाक्यातला 'कळविलेला' हा शब्द काढू नका. इमारतीत कोणताच दोष नाही अशी हमी तुम्ही देत नाही, कळवलेलं सगळं पूर्ण केलं एवढंच सांगता. 'एकत्रितपणे लेखी कळवावी' हे वाक्यही ठेवा. नाहीतर एक कागद आज, दुसरा पंधरा दिवसांनी, अशी मागणी चालू राहते.

परिशिष्टांना सलग पान क्रमांक द्या आणि मुख्य पत्रात जमेल तिथे तो क्रमांक लिहा. मूळ कागद देऊ नका, स्वसाक्षांकित प्रती द्या.

दिल्यानंतर

मूळ संच उपविभागात आणि आगाऊ प्रत विभागात द्या. दोन्हीकडे स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. ई-मेलनेही पाठवा, पण आवक क्रमांक सोडू नका. नुसती 'साहेबांना दिलं' अशी पोच काही कामाची नाही.

त्यानंतर शाखा अभियंत्याचा अभिप्राय, उपअभियंत्याची शिफारस, लेखा शाखेची पडताळणी आणि कार्यकारी अभियंत्याची मंजुरी असा प्रवास असतो. स्मरणपत्रात दर वेळी सगळी कथा लिहू नका. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक द्या आणि फाईल ज्या टेबलावर अडली आहे तिथली नेमकी बाब विचारा. कार्यालयाने मुदतीनंतर नवा दोष काढला तर तो कळवल्याची तारीख मागा. १४ जूनपर्यंत लेखी कळवलेला दोष दुरुस्त करणं तुमच्यावर बंधनकारक आहे, मुदतीनंतर प्रथमच काढलेला कोणत्या अटीखाली येतो ते त्यांनी दाखवायला हवं. उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात तुमच्या अर्जावरच्या टिप्पणीची प्रत मागता येते, त्याला ३० दिवसांची मुदत आहे.

वर्षानुवर्षं स्मरणपत्रं देत राहणं मात्र धोक्याचं आहे. रक्कम देय झाल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो आणि तुमच्या स्मरणपत्रांनी ती मुदत वाढत नाही. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ नुसार ती वाढते फक्त समोरच्याने, मुदत संपण्याआधी, सही करून देणं लेखी मान्य केलं तर. म्हणून कार्यालयाकडून 'सदर रक्कम ठेव नोंदवहीत शिल्लक आहे' असं एका ओळीचं सही केलेलं पत्र मिळवा. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हिशेबात तर तीन पूर्ण आर्थिक वर्षं कोणी न मागितलेली ठेव व्यपगत होऊन शासनजमा होते आणि मग ती परत मिळवायला वेगळी मंजुरी लागते. दर वर्षी मार्चच्या आधी तुमच्या नावावरच्या सगळ्या ठेवींची यादी लेखा शाखेशी ताडून घ्या. एखादं जुनं छोटं काम, ज्याची रिटेन्शन दहा-बारा हजारांची आहे, तेच बहुधा विसरलेलं असतं.